निरोपाच्या कागदावरची सही

डॅनियल कोकोटायलो यांनी एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतली ओपनएआय ही कंपनी सोडली, तेव्हा त्यांच्यापुढे एक करार आला. सही केली, तर कंपनीवर पुढे कधीही टीका करता येणार नव्हती. नाही केली, तर नोकरीत मिळवलेला कंपनीतला हिस्सा हातचा जाण्याची भीती होती. कुटुंबाच्या संपत्तीचा सुमारे ८५ टक्के भाग त्या हिश्श्यात होता. तरीही त्यांनी सही केली नाही.

अशा एक्झिट अ‍ॅग्रीमेंटमध्ये बहुधा दोन कलमे जोडीने येतात. ‘रिलीज’ म्हणजे नोकरीच्या काळातल्या कोणत्याही अन्यायाबद्दल कंपनीवर दावा करण्याचा हक्क सोडून देणे. ‘नॉन-डिस्पॅरेजमेंट’ म्हणजे कंपनीची निंदा न करण्याचे वचन. बदनामीच्या खटल्यात ‘मी बोललो ते खरे होते’ हा बचाव चालतो. इथे तो सहसा उपयोगी पडत नाही, कारण खरी पण कंपनीला न आवडणारी गोष्ट सांगितली तरी करार मोडतो.

एवढे सोडून देण्याच्या बदल्यात माणसाला काहीतरी नवे मिळायला हवे. बरेचदा काही महिन्यांचा जादा पगार मिळतो. ओपनएआयच्या कागदांत मात्र आधीच कमावलेला हिस्साच पणाला लागला होता: नोकरी सुटल्यापासून ६० दिवसांत रिलीजवर सही झाली नाही, तर तो रद्द होऊ शकत होता. शिवाय असा करार झाला आहे, हेही कुणाला सांगायची मुभा नव्हती.

मे २०२४ मध्ये ‘व्हॉक्स’ने हे कागद उघडकीस आणले. प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीर खेद व्यक्त केला, या तरतुदीची आपल्याला कल्पना नव्हती असे सांगितले. कंपनीने कुणाचाही कमावलेला हिस्सा रद्द करणार नसल्याचे जाहीर केले आणि बहुतेक माजी कर्मचाऱ्यांना मौनाच्या अटीतून मोकळे केले.

आधीच देणे असलेली रक्कम हक्क सोडण्याची किंमत ठरू शकत नाही, हे तत्त्व अमेरिकी कायद्यात एका ठिकाणी स्पष्ट लिहिलेले आहे. चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्याकडून वयावरून झालेल्या भेदभावाचा दावा सोडवून घ्यायचा असेल, तर कंपनीने वेगळा मोबदला द्यावा लागतो, विचाराला किमान २१ दिवस द्यावे लागतात आणि सहीनंतरही ७ दिवस माघारीची मुभा ठेवावी लागते. लुइझियानातल्या एका वीज कंपनीने डोलोरेस ऊब्रे यांना १४च दिवस दिले आणि माघारीची मुभा ठेवलीच नाही. त्यांनी ६,२५८ डॉलर घेऊन सही केली होती, तरी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा दावा चालू दिला. पैसे आधी परत करा, अशी अटही घातली नाही.

म्हणून असा कागद हाती आला, की दोन रकमा वेगळ्या मांडाव्यात: सही न करताही मिळणारी आणि सही केल्यावरच मिळणारी. दुसरी शून्य निघाली, तर सही करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला तो कागद दाखवावा.