इंटरनेट अडतं कुठे?

घरातलं इंटरनेट रेंगाळायला लागलं की पहिला फोन कंपनीच्या ग्राहक सेवेला जातो. तिकडून ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ असा सल्ला मिळतो, थोडा वेळ बरं चालतं आणि संध्याकाळी पुन्हा तेच. या सगळ्यात दोष नेमका कुठे आहे, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं. मोबाइल ते राउटर हा वाय-फायचा एक टप्पा, खुद्द राउटर हा दुसरा आणि राउटरच्या पलीकडची कंपनीची लाइन हा तिसरा. मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की दिसणारा आकडा या तिघांतल्या सर्वांत कमजोर टप्प्याचा असतो. तो टप्पा कोणता, हे तो आकडा सांगत नाही.

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीतलं दोन बेडरूमचं घर आहे. कनेक्शन फायबरचं, २०० एमबीपीएसचं. फायबरची तार दारातून आत येते, म्हणून तंत्रज्ञाने राउटर दाराशेजारीच, चपलांच्या कपाटावर ठेवून दिला. घरातली एक व्यक्ती मागच्या बेडरूममध्ये बसून ऑफिसचं काम करते आणि तिचे व्हिडिओ कॉल सारखे अडकतात. बेडरूममध्ये मोबाइलवर टेस्ट केली तर आकडा येतो १८. दोनशेचे पैसे भरायचे आणि अठरा मिळवायचे, म्हणजे चूक कंपनीचीच, असं घरात सगळ्यांचं मत होतं.

मत बनवण्याआधी लॅनची एक केबल हवी. लॅपटॉप केबलने थेट राउटरच्या लॅन पोर्टला जोडायचा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करायचं. ही दुसरी गोष्ट हमखास राहून जाते. मग केबल जोडलेली असूनही टेस्ट वाय-फायवरून झाली की काय, अशी शंका उरते. घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्हीही तेवढा वेळ नेटवरून काढावेत. आता वाय-फाय हिशेबातून पूर्ण बाहेर गेलं. उरले राउटर आणि कंपनीची लाइन.

या घरात केबलवर आकडा आला ९४. दोनशेच्या निम्म्याहून कमी! कंपनीला धारेवर धरायला एवढा पुरावा पुरे, असं कुणालाही वाटेल. पण टेस्टमध्ये ९४ किंवा ९५ दिसला आणि कितीही वेळा मोजलं तरी तो तिथेच राहिला, तर आधी केबलवरच संशय घ्यावा. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १००० एमबीपीएसच्या जोडणीला चारही जोड्या लागतात, १०० च्या जोडणीला फक्त दोन. एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नसेल किंवा तुटली असेल, तर दोन्ही बाजूंची उपकरणं बहुधा गुपचूप १०० वर उतरतात. कुठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. त्या १०० मधला काही भाग प्रत्येक पाकिटाच्या पत्त्यासाठी आणि नियंत्रणासाठी खर्च होतो. उरतात ते ९४-९५.

हे पडताळणं सोपं आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क विभागात इथरनेट उघडलं की Link speed अशी ओळ दिसते. तिथे 1000/1000 असेल तर जोडणी ठीक, 100/100 असेल तर केबल, पोर्ट किंवा लॅपटॉपला लावलेला यूएसबी अडॅप्टर यांपैकी काहीतरी कमी पडतंय. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो, त्यामुळे टीव्हीवर ९४ दिसणं हा दोष नव्हे. मुंबई-पुण्याच्या ज्या जुन्या इमारतींत स्थानिक केबलवाल्याची लॅन वायर गच्चीवरून खिडकीतून घरात येते, तिथे पावसाळ्यात क्लिपचे धातूचे टोक गंजतात. अशा वेळी हाच उतार कंपनीच्या वायरवर होतो, आणि तेव्हा तक्रार रास्त असते.

ठाण्याच्या घरात शेजाऱ्यांकडून दुसरी केबल आणून लावली. आकडा १९३. एका केबलने खटल्याची दिशाच बदलली. लाइन ठरलेला वेग देत होती आणि राउटर तो पुढे सोडत होता. पहिल्या आकड्यावरूनच तक्रार केली असती, तर कंपनीच्या माणसाने स्वतःच्या केबलवर दोनशेच्या आसपास दाखवून काढता पाय घेतला असता.

आता वाय-फायचा नंबर. इथेही एका वेळी एकच गोष्ट बदलायची. राउटरपासून दोन मीटरवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर मोबाइलने टेस्ट केली, आकडा १७०. हवेतून जाताना थोडा वेग गळतोच, त्यामुळे हा आकडा उत्तम. बेडरूममध्ये ५ गिगाहर्ट्झवरच ४५ आणि २.४ गिगाहर्ट्झवर १८. म्हणजे सुरुवातीचा अठराचा आकडा २.४ वरचा होता. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं होतं आणि मोबाइल दूरच्या खोलीत आपणहून २.४ वर जात होता.

यामागचं कारण सरळ आहे. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून चांगलं जातं, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका मजल्यावर आठ-दहा राउटर असतील तर सगळ्यांना त्या तिघांत वाटून घ्यावं लागतं, आणि एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्टीत गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर, पण विटांच्या दोन भिंती आणि एक काँक्रीटचा खांब मध्ये आला की ते दमतं. अशा घरात कंपनीकडून ३०० चा प्लॅन घेतला तरी बेडरूममधला आकडा जवळजवळ हलत नाही. लोक मात्र हाच खर्च आधी करतात.

इथे उपाय झाला तो राउटर हलवण्याचा. दाराजवळून दहा मीटरची लॅन केबल काढून पॅसेजमध्ये दुसरा वाय-फाय बिंदू बसवला. बेडरूममध्ये १३० मिळू लागले. केबल ओढायची नाही म्हणून अनेक जण स्वस्तातला एक्स्टेंडर घेतात. त्यातले बरेचसे एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतात, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, काम मात्र तेवढं होत नाही.

तरीही या घरात रात्री कॉल मधूनच अडकायचा. वेग पुरेसा, मग आता काय? इथे स्पीड टेस्ट कमी पडते आणि पिंगची गरज लागते. पिंग म्हणजे छोटं पाकीट पाठवून ते परत यायला किती वेळ लागतो, ते मोजणं. लॅपटॉप पुन्हा केबलला लावून विंडोजच्या दोन कमांड खिडक्यांत या दोन ओळी एकाच वेळी चालवल्या:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिला पत्ता घरच्या राउटरचा (तो वेगळा असल्यास `ipconfig` लिहिल्यावर Default Gateway समोर दिसतो), दुसरा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा. घरात शांतता असताना राउटर एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर देत होता आणि बाहेरचा सर्व्हर ६ मिलिसेकंदांत. मग एका मोबाइलवर फोटोंचा बॅकअप सुरू केला. राउटरचं उत्तर तसंच राहिलं, बाहेरचं मात्र २५० ते ४०० पर्यंत गेलं. या प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी होता. बॅकअपने तो पूर्ण व्यापला आणि राउटरने जादा पाकिटं स्वतःच्या रांगेत साठवून ठेवली. टोलनाक्यावर ट्रकांच्या रांगेत रुग्णवाहिका अडकावी तसं कॉलचं छोटंसं पाकीट त्या रांगेत सर्वांत मागे उभं राहिलं.

जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला २०१० मध्ये आपल्याच घरच्या जोडणीवर हा प्रकार आढळला आणि त्याने त्याला ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग आखूड ठेवण्याची ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. काही राउटरांच्या सेटिंग्जमध्ये ती SQM या नावाने मिळते. ती नसेल तर QoS मध्ये अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवली तरी बराच फरक पडतो, कारण रांग मग राउटरच्या ताब्यात राहते. कमकुवत प्रोसेसरच्या राउटरवर मात्र हे चालू केल्यास एकूण वेगच खाली येऊ शकतो, म्हणून नंतर केबलवर पुन्हा मोजायलाच हवं. या घरात मर्यादा घातल्यावर बॅकअप चालू असतानाही पिंग ३० च्या आत राहिलं आणि कॉल सुरळीत झाले.

पण समजा, केबल चांगली आहे, Link speed 1000 आहे, आणि तरीही सकाळी सात वाजता १९३ तर रात्री साडेनऊला ४५ येतात. घरातली बाकी उपकरणं बंद असताना 8.8.8.8 चं पिंग उसळतं, शंभरातली पाच-सहा पाकिटं परत येत नाहीत आणि राउटरचं पिंग मात्र स्थिर आहे. आता बोट घराबाहेर दाखवायला हरकत नाही. त्याआधी राउटरला निर्दोष ठरवण्याची एक पायरी उरते. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला जोडून मोजावं. बऱ्याच कंपन्यांत त्यासाठी यूजरनेम आणि पासवर्ड लागतो, तो आधी मागून घ्यावा. दोन्ही एकाच डब्यात असतील तर ही पायरी शक्य नाही, आणि तंत्रज्ञाला डबा बदलून मोजायला सांगावं लागतं. डब्याच्या सेटिंग्जमध्ये Rx Power असा आकडा दिसतो. तो उणे २७ डीबीएमच्या आसपास घसरलेला असेल, तर फायबर कपाटामागे दुमडलेलं किंवा जोड खराब असण्याची शक्यता मोठी. उणे १५ ते २४ च्या दरम्यान असेल, तर प्रकाश पुरेसा येतोय.

एक सावधगिरी स्पीड टेस्टबद्दलही. टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा त्याच कंपनीच्या जाळ्यात असतो. तिथपर्यंत रस्ता मोकळा आणि पुढच्या जोडावर गर्दी, असं असेल तर टेस्ट दोनशे दाखवते आणि ऑफिसची साइट अडकते. म्हणून यादीतून दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून पुन्हा मोजावं. महिन्याची डेटा मर्यादा संपल्यावर कंपन्या वेग मुद्दाम कमी करतात, तेव्हा अ‍ॅपमध्ये वापराचा आकडाही पाहून घ्यावा.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं की पुन्हा राउटर बंद-चालूवर गाडी येते. त्याऐवजी तीन-चार दिवसांचे सकाळ-रात्रीचे केबलवरचे आकडे, टेस्टचा सर्व्हर, Link speed आणि पिंगचे नमुने स्क्रीनशॉटसह द्यावेत आणि डॉकेट क्रमांक घ्यावा. त्यावर काम झालं नाही, तर ट्रायच्या नियमांनुसार कंपनीला स्वतःचं अपील प्राधिकरण ठेवावं लागतं, तिथे याच क्रमांकावर अपील करता येतं. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पाठवलेलं पत्र पुन्हा कंपनीकडेच येतं.