प्रोटॉन कुठल्या बाजूचा?

२-मिथाइलसायक्लोहेक्झॅनोन हा अगदी साधा कीटोन. सहा कार्बनांचे कडे, त्यातल्या एका कार्बनवर ऑक्सिजन आणि शेजारच्या कार्बनवर एक मिथाइल गट. कार्बोनिलच्या दोन्ही शेजाऱ्यांवर काढून घेता येण्याजोगे हायड्रोजन आहेत. मिथाइल असलेल्या बाजूला एक, मोकळ्या बाजूला दोन. प्रोटॉन ज्या बाजूचा निघेल त्या बाजूला एनोलेट तयार होतो आणि नवा कार्बन तिथेच जोडला जातो. सेंद्रिय संश्लेषणातला मोठा प्रश्न या छोट्या रेणूत पूर्ण दिसतो. बाजू आपण ठरवायची कशी?

मोकळ्या बाजूसाठी एलडीए, म्हणजे लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड, वापरतात. त्याच्या नायट्रोजनला दोन फांदीदार गट लगडलेले असल्यामुळे मिथाइलजवळच्या हायड्रोजनपर्यंत पोहोचणे त्याला अवघड जाते. पलीकडचे हायड्रोजन सहज हाती लागतात. शिवाय तो कीटोनपेक्षा कितीतरी प्रबळ आम्लारी असल्याने एकदा काढलेला प्रोटॉन कीटोनकडे परत जात नाही. जो एनोलेट आधी झाला तोच राहतो. हा कायनेटिक एनोलेट. या कीटोनवर एलडीएने शंभरात सुमारे ९९ एनोलेट मोकळ्या बाजूचे मिळतात.

थर्मोडायनॅमिक एनोलेटची दुहेरी जोडणी मिथाइल असलेल्या कार्बनकडे असते. जास्त गट जोडलेली दुहेरी जोडणी अधिक स्थिर, म्हणून समतोल साधायला वाव मिळाला की मिश्रण तिकडे झुकते. हा वाव देतो तो न बदललेला कीटोन. एनोलेट त्याच्याकडून प्रोटॉन घेऊन पुन्हा कीटोन होतो, आणि प्रोटॉन देणारा कीटोन स्वतः एनोलेट बनतो. असा प्रोटॉन निरोप्यासारखा इकडून तिकडे फिरत राहिला की पहिली निवड पुसली जाते. म्हणून माझ्या मते गार तापमानाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्व आहे ते भांड्यात कीटोन शिल्लक न राहण्याला.

प्रत्यक्ष कृती पाहिली की हे पटते. कोरड्या टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये १.५५ मिलिलिटर डायआयसोप्रोपिलअमीन घ्यायचे आणि नायट्रोजनखाली, थंड ठेवून, १.६ मोलर ब्युटाइललिथियमचे ६.६ मिलिलिटर थेंबाथेंबाने घालायचे. एलडीए तयार. मग भांडे कोरडा बर्फ आणि ॲसिटोनच्या कुंडात उणे ७८ अंशांवर आणून १.१२ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल, कीटोन हळूहळू सोडायचा. क्रम महत्त्वाचा आहे. कीटोन एलडीएत जातो, उलट नाही, त्यामुळे प्रत्येक थेंबाला भोवती आम्लारीच भेटतो. अर्ध्या तासाने १.२ मिलिलिटर बेंझाइल ब्रोमाइड घालून तापमान शून्याकडे येऊ द्यायचे. मिळते ते मुख्यतः २-बेंझाइल-६-मिथाइलसायक्लोहेक्झॅनोन.

बिघाड होतो तो बहुतेकदा बाटलीतच. बरेच दिवस उघडझाप झालेले ब्युटाइललिथियम लेबलवरच्या तीव्रतेचे राहत नाही. १.६ ऐवजी १.३ मोलर निघाले, तर ६.६ मिलिलिटरमध्ये जेमतेम ८.६ मिलिमोल येते आणि १० मिलिमोल कीटोनपैकी १.४ शिल्लक राहतो. बाजू मिसळायला तेवढा पुरतो. म्हणून वापरण्याआधी डायफिनाइलॲसेटिक आम्लाच्या तोललेल्या नमुन्यावर त्याचे टायट्रेशन करतात. द्रावण पिवळे टिकले की शेवट आला. दुसरा धोका जोडणीच्या वेळचा. बेंझाइल ब्रोमाइड किंवा मिथाइल आयोडाइड चपळ असतात. ब्युटाइल ब्रोमाइड मात्र संथ. संथ जोडणीत तयार झालेला कीटोनच प्रोटॉन देऊ लागतो, बाजू मिसळतात आणि दोनदा जोडणी झालेला मालही निघतो.

चूक झाली का, हे एनएमआर सांगते. थोडा एनोलेट ट्रायमिथाइलसिलिल क्लोराइडने पकडून पाहिला, तर कायनेटिक सिलिल ईथरमध्ये दुहेरी जोडणीवरचा हायड्रोजन ४.८ पीपीएमच्या आसपास दिसतो. दुसऱ्यात असा हायड्रोजनच नसतो. अंतिम मालातही फरक स्पष्ट असतो. मिथाइल शेजारच्या हायड्रोजनमुळे दुभंगलेले दिसले तर बाजू बरोबर. एकच अखंड रेघ आली तर बेंझाइल मिथाइलच्याच कार्बनवर बसले आहे.

तोच दुसरा माल हवा असेल तर? एलडीए थोडा कमी घालून मिश्रण उबदार ठेवता येते, पण तेव्हा समतोलाला जागा देणारा कीटोनही आत राहतो. यावर १९६८ मध्ये गिल्बर्ट स्टॉर्क आणि हुड्रलिक यांनी दाखवलेली, सिलिल ईथरमधून एनोलेट मोकळा करण्याची वाट मला सर्वांत देखणी वाटते. कीटोन, ट्रायइथाइलअमीन आणि ट्रायमिथाइलसिलिल क्लोराइड डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये तापवले की जास्त गटांचा सिलिल ईथर सुमारे ७८ टक्के मिळतो. ऊर्ध्वपातनाने तो वेगळा करून त्यावर मिथाइललिथियम घातले की सिलिकॉन टेट्रामिथाइलसिलेन होऊन निघून जातो आणि लिथियम एनोलेट उरतो. भांड्यात प्रोटॉन देणारे काहीच नसते, म्हणून बाजू बदलत नाही. हर्बर्ट हाउस यांच्या गटाने याच कीटोनपासून दोन्ही बेंझाइल कीटोन स्वतंत्रपणे मिळवले, आणि ती कृती १९७२ च्या ‘ऑरगॅनिक सिंथेसिस’मध्ये आजही वाचायला मिळते.