बंद मोटरच्या आतला हिशेब

पिठाच्या गिरणीत किंवा विहिरीवरच्या पंपात बहुधा जी इंडक्शन मोटर असते, तिच्या रोटरला एकही तार जोडलेली नसते. लोखंडी पत्र्यांच्या खाचांत ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या कांड्या आणि दोन्ही टोकांना त्या सांधणारी कडी, एवढाच तो रोटर. मीटरच्या पिना टेकवायला जागाच नाही. तरीही त्याचा रोध माहीत असावा लागतो, कारण मोटर सुरू होताना किती करंट ओढेल आणि भाराखाली तिचा वेग किती उतरेल, हे त्यावर अवलंबून असते.

यासाठी इंजिनिअर मोटरच्या जागी कागदावर एक सर्किट मांडतात. अलीकडे स्टेटरचा रोध आणि रिॲक्टन्स, मधे चुंबकीय क्षेत्र उभे करणारी शाखा आणि पलीकडे रोटर. रोटरचा रोध मात्र स्लिपने भागून लिहायचा. स्लिप म्हणजे फिरत्या क्षेत्राच्या तुलनेत रोटर किती मागे पडला ते प्रमाण. मोटर मोकळी फिरते तेव्हा स्लिप जवळजवळ शून्य असते, म्हणजे भागाकार प्रचंड मोठा होतो आणि रोटरमधून नगण्य करंट जातो. रोटर अडवून धरला की स्लिप एक होते आणि उरतो तो त्याचा निव्वळ रोध. दोन्ही चाचण्या या दोन टोकांवर उभ्या आहेत.

समजा, आपल्यासमोर ५ हॉर्सपॉवरची, ४१५ व्होल्टची, ७.५ ॲम्पिअरची मोटर आहे. आधी डीसी देऊन स्टेटरचा रोध काढला. तो फेजमागे १.५ ओहम आला. मग मोटर विनाभार पूर्ण व्होल्टेजवर चालवली. करंट ३.२ ॲम्पिअर.

पॉवर मोजायला दोन वॉटमीटर लावतात आणि प्रयोगशाळेत हमखास घोळ होतो तो इथेच. एक मीटर ८०८ वॉट दाखवतो, दुसऱ्याचा काटा उलटा जातो. त्याच्या एका कॉइलची जोडणी उलटवली की तो ५०८ दाखवतो, पण हा आकडा वजा धरायचा असतो. खरी पॉवर ३०० वॉट. कुणी बेरीज केली तर १३१६ वॉट येतात आणि पॉवर फॅक्टर ०.५७ निघतो. मोकळ्या फिरणाऱ्या मोटरचा पॉवर फॅक्टर इतका चांगला नसतोच. इथे तो ०.१३ आहे. चूक पकडायला एवढा ताळा पुरतो.

या ३०० वॉटपैकी ४६ वॉट स्टेटरच्या तांब्यात गेले. उरलेले २५४ वॉट लोखंडात, बेअरिंगच्या घर्षणात आणि पंख्याच्या वाऱ्यात. व्होल्टेजला करंटने भागले की फेजमागे सुमारे ७५ ओहम येतात आणि ते जवळजवळ सगळे रिॲक्टन्सचे असतात.

आता रोटर घट्ट अडवायचा आणि डिमरस्टॅटने व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवायचे. अवघ्या ९० व्होल्टवरच करंट ७.५ ॲम्पिअरला पोचतो आणि पॉवर भरते ४८० वॉट. आकडे चटकन टिपावे लागतात, कारण पंखा थांबलेला असतो, वाइंडिंग तापू लागते आणि तापले की रोध बदलतो. हिशेब केला तर फेजमागे एकूण रोध २.८४ ओहम निघतो. त्यातून स्टेटरचे १.५ काढले की रोटरचे १.३४ उरतात. मधल्या शाखेतून जाणारा थोडा करंट हिशेबात घेतला तर हा आकडा १.४७ पर्यंत चढतो. रिॲक्टन्स ६.३ ओहम येतो. त्याची स्टेटर-रोटरमध्ये नेमकी वाटणी करायला ही चाचणी पुरत नाही, म्हणून साधारण निम्मा-निम्मा धरतात. काही प्रकारच्या मोटरींत ४०-६० टक्के.

इथवर सगळे सरळ दिसते, पण ज्याच्यासाठी एवढी खटपट केली तो रोटरचा आकडाच थोडा फसवा असतो. रोटर अडवलेला असताना त्याच्यातल्या करंटची फ्रीक्वेन्सी पूर्ण ५० हर्ट्झ असते. भाराखाली फिरताना, ४ टक्के स्लिप धरली तर, ती फक्त २ हर्ट्झ उरते. ५० हर्ट्झला करंट कांडीच्या वरच्या कडेला दाटतो, खालचा भाग जवळजवळ रिकामा राहतो आणि रोध खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. खोल कांड्यांच्या रोटरमध्ये हे मुद्दामच साधलेले असते, कारण त्यामुळे सुरुवातीचा जोर वाढतो. असा फुगलेला रोध घेऊन चालत्या मोटरची स्लिप काढली तर ती जास्तच निघणार.

त्यावर उपाय म्हणून हीच चाचणी कमी फ्रीक्वेन्सीवर घेतात. अमेरिकेच्या आयईईई ११२ या मानकात नेहमीच्या फ्रीक्वेन्सीच्या चतुर्थांशाहून जास्त नको, असे सुचवले आहे. आपल्याकडे म्हणजे १२.५ हर्ट्झ. तिथे मिळालेला रिॲक्टन्स चौपट करून ५० हर्ट्झवर आणायचा, रोध तसाच ठेवायचा. त्यासाठी फ्रीक्वेन्सी बदलता येईल असा पुरवठा लागतो आणि साध्या डिमरस्टॅटवर ते जमत नाही. म्हणून ५० हर्ट्झवर काढलेला रोटरचा रोध मोटर सुरू होण्याच्या हिशेबाला वापरावा. चालत्या मोटरची कार्यक्षमता काढताना, विशेषतः मोटर मोठी असेल तर, त्यावर विसंबू नये.