पाढा चुकतो तेव्हा नेमकं काय चुकतं?

हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत पालकसभा भरली, की कुणीतरी आजोबा म्हणतातच, "गुरुजी, आमच्या वेळी तिसरीच्या पोराला तीसपर्यंत पाढे यायचे, वर पावकी-निमकी. ह्याला अजून सातचा येईना."

आजोबांचं खोटं नाही. पण त्यांच्या पाढ्यांना तेव्हाच्या बाजाराचं कारण होतं. १९५७ साली दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पया होत्या. पाव शेर, दीड शेराचा हिशेब तोंडी करायचा, तर पावकी आणि दिडकी लागायचीच. एनसीईआरटीच्या २०१७ च्या अध्ययन निष्पत्तींमध्ये तिसरीसाठी २, ३, ४, ५ आणि १० एवढेच पाढे आहेत, तेही 'तयार करता येणे आणि वापरता येणे' अशा अपेक्षेने. पाच पाढे ऐकले की पालकांना वाटतं, अभ्यासच कमी केला. हा पहिला गैरसमज. हे पाच नीट बसले, तर बाकीचे त्यांच्यातूनच निघतात. सहाचा म्हणजे पाचचा आणि एकचा मिळून, सातचा म्हणजे पाचचा आणि दोनचा मिळून, आठचा म्हणजे चारची दुप्पट, नऊचा म्हणजे दहाच्यातून एकचा वजा.

गैरसमज : टप्प्याने मोजता आलं की पाढा आला.

चार, आठ, बारा, सोळा... असं मूल चाळीसपर्यंत गात जातं आणि ऐकणारा खूश होतो. पण "चार सत्ते किती?" म्हटलं की तेच मूल गप्प बसतं, नाहीतर पुन्हा "चार एके चार"पासून सुरू करतं. टप्प्याने मोजताना दोन हिशेब एकाच वेळी सांभाळायचे असतात. कुठल्या संख्येवर आलो हा एक, आणि किती उड्या झाल्या हा दुसरा. गाण्यात पहिला असतो, दुसरा नसतो. म्हणून प्रत्येक उडीला एक बोट मिटायला लावायचं. 'चार' म्हणताना पहिलं बोट, 'आठ' म्हणताना दुसरं.

व्हरांड्यात खडूने संख्यारेषा आखून मुलांना उड्या मारायला लावतात, तिथेही एक खोच आहे. काही मुलं शून्यावर उभं राहिल्याचीच पहिली उडी धरतात. मग सात उड्यांनंतर ती अठ्ठावीसऐवजी चोविसावर पोचतात. त्यांची बेरीज चोख असते, मोजणी मात्र एका उडीने पुढे गेलेली असते.

गैरसमज : उत्तर चुकलं म्हणजे पाठांतर कमी पडलं, दहा वेळा लिहून काढू दे.

इथे जरा थांबावं लागेल, कारण चुकीचं उत्तर नीट पाहिलं तर ते स्वतःच कारण सांगतं. "सात सक किती?" याला एखाद्या मुलाने ३५ किंवा ४९ सांगितलं, तर संख्या सातच्याच पाढ्यातली आहे. म्हणजे उडी मोजण्यात चूक झाली. त्याला बोटं हवीत. दुसऱ्याने ४३ सांगितलं. ही संख्या पाढ्यातच नाही, म्हणजे दशक ओलांडताना बेरीज घसरली. त्याला ३५ मध्ये आधी ५ मिळवून ४० आणि मग राहिलेले २, अशी दोन पायऱ्यांची बेरीज शिकवायची. तिसरं मूल "सात सत्ते एकोणपन्नास" ठणकावून म्हणतं आणि वहीत ५९ लिहितं. त्याला पाढा येतो. कानावर 'पन्नास' पडलं म्हणून हाताने पाच लिहिला, एवढंच. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ या सगळ्या ठिकाणी हेच होतं, आणि सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यांवरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी असल्याने त्यांना ही नावं परकीच वाटण्याचा संभव जास्त. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानामांसोबत 'वीस एक, वीस दोन' अशी पर्यायी वाचनपद्धत आली आणि महाराष्ट्रभर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी ५९ लिहिणारं मूल शेजारी बसून पाहिलं नसावं, असं माझं मत आहे. या तिसऱ्या मुलाला सातचा पाढा दहा वेळा लिहायला लावला, तर ते दहा वेळा ५९ लिहील.

गैरसमज : ओळी-रांगांची मांडणी म्हणजे पहिलीतला खेळ, तिसरीत वेळ घालवणं.

मांडणीचं खरं काम पाढा 'दाखवणं' नाही, येत नसलेला पाढा येणाऱ्या पाढ्यांतून काढणं हे आहे. "सात अठ्ठे" घेऊ. फरशीवर खडूने चौकोन आखायचे, नाहीतर चिंचोके घरंगळतात आणि रांगा वाकड्या होतात. एका रांगेत सात चिंचोके, अशा आठ रांगा. आता प्रत्येक रांगेतल्या पाचव्या चिंचोक्यानंतर वरपासून खालपर्यंत खराट्याच्या काड्या उभ्या लावायच्या. डावीकडे पाच-पाचच्या आठ रांगा, म्हणजे चाळीस. उजवीकडे दोन-दोनच्या आठ, म्हणजे सोळा. चाळीस आणि सोळा छप्पन्न. मुलाने सातचा पाढा म्हटलाच नाही, तरी उत्तर आलं, आणि विसरलं तर पुन्हा काढता येईल.

मूल अजूनही एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून छप्पन्नपर्यंत मोजत असेल, तर मांडणी वाया गेली. अशा वेळी डावा भाग पाटीने झाकायचा आणि विचारायचं, "खाली किती?" मग त्याला रांगांवरूनच सांगावं लागतं.

तीच मांडणी बाजूला जाऊन पाहिली की आठ-आठच्या सात रांगा दिसतात. सात अठ्ठे आणि आठ सत्ते एकच. हे एकदा डोळ्यांनी पटलं की ओझं किती उतरतं ते पाहा. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार आहेत. उलटसुलट जोड्या एक धरल्या की पंचावन्न राहतात. त्यातले एक, दोन, पाच आणि दहाचे सोडले, तर उरतात फक्त एकवीस. घोकायचं असेल तर हे एकवीस घोकावेत.

आणि घोकावं तर लागतंच. "समजलं की पुरे, पाठ कशाला" हा नव्या शिक्षकांमधला गैरसमजही तितकाच नडतो. चौथीत भागाकार करताना प्रत्येक पायरीला चिंचोके मांडत बसलं, तर मूल मूळ उदाहरणच विसरून जातं. फक्त म्हणणं लहान असावं, पाच-सात मिनिटांचं, आणि त्यात ऐनवेळी काहीतरी ठरवावं लागावं.

त्यासाठी गोलाचा खेळ चांगला. मुलं गोल बसतात आणि एकेक संख्या कुजबुजत पुढे जातात, दर चौथं मूल टाळी वाजवून संख्या मोठ्याने म्हणतं. दुसऱ्या फेरीत कुजबुजही बंद, फक्त टाळीवरची संख्या ऐकू येते. पण गोलात वीस मुलं असतील, तर टाळी कायम त्याच पाच जणांवर येते आणि उरलेली पंधरा जणं मजा बघत बसतात. गोलात तेवीस ठेवले, तर दोनपासून दहापर्यंत कुठल्याही पाढ्याला टाळी फिरत राहते. तेवीस नसतील, तर त्या दिवशीच्या पाढ्याशी एक सोडून दुसरा सामाईक विभाजक नसेल एवढी मुलं बसवावीत, आणि गरज पडली तर बाईंनीच गोलात बसावं.

आजोबांनाही घरी हे तपासता येतं. "चारचा म्हण" असं सांगण्याऐवजी त्यांनी "बत्तीस कुठं येतं रे?" असं विचारावं. पोरगं "चार अठ्ठे" म्हणालं की "अजून कुठं?" असं विचारून बघावं.