सहा सेकंद नव्हे, दोन मैल

एप्रिल 2017 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एक कॅनेडियन धावपटू पिवळ्या फाटकापर्यंत धडपडत पोहोचला आणि तिथेच कोसळला. घड्याळात साठ तास आणि सहा सेकंद झाले होते. मर्यादा होती साठ तासांची. सहा सेकंदांनी हुकलेला माणूस म्हणून गॅरी रॉबिन्स जगभर ओळखला जाऊ लागला. त्याला स्वतःला मात्र ही ओळख मान्य नव्हती.

ही शर्यत म्हणजे बार्कली मॅरेथॉन्स. फ्रोझन हेड या डोंगराळ उद्यानात 1986 पासून ती होते. याच भागातल्या ब्रशी माउंटन तुरुंगातून 1977 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी पळाला होता, आणि दोन दिवसांहून जास्त भटकूनही तो जेमतेम काही मैल गेला होता. तो प्रसंग ऐकून गॅरी कँट्रेल यांना ही शर्यत सुचली. सुमारे वीस मैलांच्या पाच फेऱ्या, बहुतांश रस्ता काटेरी झुडपांतून आणि उभ्या चढांवरून. पाचही फेऱ्यांतली चढाई एकत्र केली तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट दोनदा चढण्याइतकी भरते. बहुतेक वर्षी कोणीच शर्यत पूर्ण करत नाही, आणि एरवीही मोजकेच धावपटू ती पूर्ण करतात.

इथे जीपीएस चालत नाही. नकाशा, होकायंत्र आणि साधं घड्याळ एवढंच जवळ बाळगता येतं. वाटेवर खुणा नसतात; ठरलेल्या ठिकाणी पुस्तकं लपवलेली असतात. दर फेरीला धावपटूला नवा क्रमांक मिळतो आणि प्रत्येक पुस्तकातलं त्या क्रमांकाचं पान फाडून आणायचं असतं. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. तळावर जेवायला, पायांचे फोड बांधायला किंवा डोळा लागला तर झोपायला गेलेला वेळही त्याच साठ तासांतून जातो. त्यामुळे शेवटच्या फेरीपर्यंत आलेला माणूस जवळजवळ न झोपलेला असतो. पाय चालत असतात, पण दिशा ठरवणारं डोकं थकलेलं असतं.

रॉबिन्सचा हा दुसरा प्रयत्न होता. आदल्या वर्षीही तो पाचव्या फेरीपर्यंत गेला होता, पण ती पुरी झाली नाही. 2017 मध्ये चार फेऱ्या संपल्यावर त्याच्यासोबत फक्त जॉन केली उरला. पाचव्या फेरीला एक जण ज्या दिशेने निघतो, त्याच्या उलट दिशेने दुसऱ्याने जायचं असा नियम आहे. एकमेकांच्या आधाराने शर्यत संपवता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. दोघे वेगळे झाले. केली सुमारे अर्धा तास राखून पोहोचला.

रॉबिन्सने शेवटच्या पुस्तकातलं पान फाडलं, म्हणजे सगळी पानं त्याच्या खिशात होती. आता फक्त तळावर उतरायचं होतं. पण डोंगरावर दाट धुकं उतरलं होतं आणि माथ्यावर तो चुकीच्या वाटेला लागला. चूक कळली तेव्हा परत चढून योग्य वाट पकडायला वेळ उरला नव्हता. मग जंगलातून, मिळेल तशा मार्गाने तो फाटकाकडे धावला आणि भलत्याच बाजूने तिथे आला.

खरी गोष्ट सहा सेकंदांत नाही, ती इथे आहे. वाट चुकल्यामुळे ठरलेल्या मार्गाचा सुमारे दोन मैलांचा भाग त्याच्याकडून सुटला होता. तो दहा मिनिटं आधी पोहोचला असता, तरी शर्यत पूर्ण झाली नसती. कँट्रेल यांनी हे नंतर स्पष्ट केलं. लोकांना मात्र सहा सेकंदांचं नाट्य भावलं. एवढ्याशा फरकासाठी नियम थोडा सैल करायला काय हरकत होती, असं कितीतरी जणांना वाटलं.

ही सहानुभूती रॉबिन्सने घेतली नाही. घड्याळाने नव्हे, धुक्यात आपणच केलेल्या चुकीने आपल्याला हरवलं, हे त्याने उघडपणे सांगितलं. मला या प्रयत्नाचं मोल इथेच दिसतं. सहा सेकंदांची हार ही नशिबाची हार आहे. तिच्यातून हळहळीखेरीज काही हाती लागत नाही. दोन मैलांची हार तशी नाही. कोणत्या माथ्यावर, कोणत्या क्षणी होकायंत्र पुन्हा पाहायला हवं होतं, हे तिच्यात नेमकं दाखवता येतं. पाय साठ तास टिकले, पानं सगळी मिळाली आणि दिशा तेवढी चुकली, असा स्वच्छ हिशेब त्याला मांडता आला, कारण त्याने खोटं सांत्वन नाकारलं.

2018 मध्ये तो पुन्हा त्याच फाटकापाशी उभा राहिला. त्या वर्षी कोणालाच शर्यत पूर्ण करता आली नाही. पूर्ण करणाऱ्यांच्या छोट्याशा यादीत रॉबिन्सचं नाव नाही. त्या यादीत कशाने येता येतं हे मात्र त्याच्या 2017 च्या धावेतून स्पष्ट कळतं: वेळ पाळायची, आणि ती पाळताना वाटही सोडायची नाही.