लँडिंगखालचा दरवाजा

आज रेलिंग लावायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण नेरूळच्या एका वाचकांनी आपल्या रो-हाउसचं रेव्हिट मॉडेल पाठवलंय. मागच्या भिंतीला समांतर सरळ जिना, मध्ये लँडिंग आणि त्या लँडिंगखालून परसात जायचा दरवाजा. रेव्हिटने एकही वॉर्निंग दिली नाही, मग सगळं बरोबर ना, असं ते विचारतात.

पायऱ्यांचं गणित बरोबर आहे. फरशी ते फरशी 3000 मिमी, `Maximum Riser Height` 190. भागाकार 15.79 येतो, म्हणून रेव्हिट 16 रायझर धरतं, प्रत्येक 187.5 चा. राष्ट्रीय इमारत संहिता एका फ्लाइटमध्ये 16 रायझर देत नाही, तेव्हा लँडिंग हवंच. वाचकांनी `8 RISERS CREATED, 8 REMAINING` दिसताच क्लिक केलं, त्याच रेषेत 900 सोडून दुसरा रन काढला आणि `Automatic Landing` ने मधली जागा भरली. एका फ्लाइटला ट्रेड सात, कारण आठवा रायझर थेट लँडिंगवर चढवतो. ट्रेड 250 चा, म्हणजे एकूण लांबी 1750 + 900 + 1750 = 4400.

आता या लँडिंगमधून सेक्शन कापा. लँडिंग 8 × 187.5 = 1500 वर, स्लॅब 150 जाड. खाली उरले 1350! परसात जायचं ते ओणवं होऊनच. संहितेला जिन्याखालच्या वाटेत 2200 लागतात, पण रेव्हिट ही उंची आपणहून तपासत नाही. सेक्शनमध्ये डायमेन्शन टाकून ती आपणच पाहायची.

उपाय सोपा आहे, कारण निम्मे-निम्मे रायझर करायची सक्ती कुणाचीच नाही. बारा रायझरनंतर लँडिंग घेतलं तर खाली 2100 मिळतात, म्हणजे अजून कमीच. तेरानंतर 2437.5 वजा 150, म्हणजे 2287.5. दुसरा रन पुसून पहिला तेरापर्यंत न्या, मग वरचे तीन काढा. गंमत म्हणजे जिन्याची लांबी तीच राहते: 3000 + 900 + 500 = 4400. वरच्या स्लॅबचा कटआउट हलत नाही. फक्त लँडिंग 1250 ने पुढे सरकतं, आणि त्यासोबत दरवाजाही सरकवावा लागतो.

पण हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय करू नका. त्याने लँडिंगच्या कडेला 300 चा बीम दिला, तर त्याखाली 2137 च उरतात. मग चौदावर लँडिंग घ्या आणि वर दोनच रायझर ठेवा, किंवा बीम उलटा घ्यायला सांगा. मॉडेलमध्ये तो बीम काढला नसेल, तर सेक्शनमधलं डायमेन्शन छान 2287 दाखवत राहील आणि कपाळमोक्ष साइटवर होईल.