मंद आंचेवर तळलेली मुगाच्या डाळीची कचोरी

खरिपाचा मूग खळ्यावरून घरीं आला आणि त्याची डाळ भरडून कोठींत पडली, म्हणजे वरण व खिचडी यांपलीकडे तिचें कांहीं करावें असें घरोघरीं मनांत येतें. अशा वेळीं कचोरीची आठवण होते. हा पदार्थ मूळचा उत्तरेकडील. राजस्थानांत कोटा शहरची कचोरी उडदाच्या डाळीची व हिंगाच्या उग्र वासाची असते. मुगाच्या डाळीची जी खुसखुशीत कचोरी तिकडे करितात, तिला 'खस्ता' म्हणतात. आपल्याकडे वऱ्हाडांत शेगांवची मुगाच्या सारणाची कचोरी भुसावळ ते अकोला या लोहमार्गावरील प्रवाशांस चांगली परिचित आहे. आम्ही येथें विचार करणार आहों तो खस्ता कचोरीचा, आणि तोही मुख्यतः तिच्या तळण्याचा. कारण सारण व मसाला बहुतेकांस साधतो, परंतु कढईपाशीं आल्यावर काम बिघडतें.

कचोरी फुटली म्हणजे नुकसान एका कचोरीचें होत नाहीं. आंतील डाळ तेलांत पसरते, तळाशीं जाऊन करपते, तिचे काळे कण बाकीच्या कचोऱ्यांस चिकटतात आणि सबंध कढईच्या तेलास जळका वास लागतो. शिवाय फुटतांना ओलें सारण एकाएकीं तेलांत येतें, तेव्हां तेल उसळून तळणाऱ्याच्या हातावर उडतें. घरीं वीस-पंचवीस माणसांची पंगत बसावयाची असतां तिसऱ्याच घाण्याला तेल काळें पडलें, तर दुसरें तेल ओतण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. म्हणून ती फुटते कशामुळें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

कचोरीच्या पारींत पाणी असतें व सारणांतही थोडें असतें. तेलांत पडल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडूं पाहते. वाफेनें पारी सारणापासून सुटून वर उचलली जाते, तेव्हां कचोरी फुगते. हें फुगणें आपणांस हवेंच असतें. फुगणें आणि फुटणें यांत फरक आहे तो केवळ वेगाचा. तेल मंद तापलेलें असेल, तर वाफ थोडी थोडी होते, पारी अद्याप मऊ असल्यामुळें ती ताणली जाते, आणि फुगून झाल्यावर मग सावकाश वाळून कडक होते. तेल फार तापलेलें असेल, तर याच्या उलट घडतें. पारीचा वरचा पापुद्रा एका मिनिटांत कडक होऊन बसतो आणि आंतील वाफ मागाहून जोर करूं लागते. कडक झालेली पारी ताणली जात नाहीं; ती जेथें पातळ असेल किंवा जेथें जोड कच्चा असेल, तेथें फाटते. न फाटली तरी तिच्यावर फोड येतात, आणि वरून लाल दिसणारी ती कचोरी आंत ओलीच राहते. तो ओलावा पुढें पारींत मुरतो व तासाभरांत कचोरी मऊ पडते. वरचा रंग पाहून तळण झालें असें समजणाऱ्यांची फसगत होते ती येथें.

मंद आंच म्हणजे नेमकी किती, असा प्रश्न वाचक करतील. उष्णतामापक हाताशीं असेल, तर कचोऱ्या सोडतांना तेल सेंटिग्रेडच्या 120 अंशांच्या आसपास असावें. पाणी 100 अंशांवर उकळतें. त्याहून थोड्याच अधिक उष्ण तेलांत त्याची वाफ शांतपणें निघते. पुऱ्या तळण्याचें तेल 180 अंशांच्या घरांत असतें, म्हणून पुरीची संवय झालेला हात कचोरी बिघडवितो. उष्णतामापक नसल्यास पिठाची हरभऱ्याएवढी गोळी तेलांत टाकून पाहावी. ती तळाशीं जाऊन बसावी, तिच्याभोंवतीं मोहरीएवढे बारीक बुडबुडे सावकाश यावेत, आणि कांहीं वेळानें ती आपण होऊन वर यावी. टाकल्याबरोबर वर उसळली, तर तेल फार तापलें आहे असें समजून कढई उतरावी. मुळींच बुडबुडे न येतील, तर तेल थंड आहे. थंड तेलही वाईटच. त्यांत पारी घट्ट होण्यापूर्वींच तिच्यांतील तूप वितळून सुटतें, कचोरी तेल पिते, आणि अनारसा जसा तेलांत हसतो तशी ती कडांनीं हसूं लागते.

हें सर्व समजण्यास एक लहान माप घेऊन पाहूं. 12 कचोऱ्यांस मैदा 250 ग्रॅम, तूप 60 ग्रॅम व चवीपुरतें मीठ घ्यावें. तूप पातळ करून, पण कडकडीत न तापवितां, मैद्यास दोन्ही हातांनीं चांगलें चोळावें. मुठींत दाबल्यावर त्याचा मुटका वळावा व बोटानें टिचकी मारतांच फुटावा. इतकें मोहन बरोबर. मोहनानें गव्हांतील चिवटपणास आळा बसतो आणि पारी खुसखुशीत होते. मोहन कमी पडलें, तर पारी कडक व चिवट होते. फार झालें, तर ती वर सांगितल्याप्रमाणें हसते. नंतर सुमारें 100 ग्रॅम पाणी थोडें थोडें घालून पीठ मऊसर मळावें व ओल्या फडक्याखालीं अर्धा तास ठेवावें. पुरीप्रमाणें हें पीठ घट्ट तिंबूं नये. घरच्या गव्हाची कणीक वापरावयाची असेल, तर ती वस्त्रगाळ करून निम्मी घ्यावी. कोंड्याचे कण पारींत राहिले, म्हणजे त्या त्या ठिकाणीं ती दुबळी होते.

सारणास मुगाची धुतलेली डाळ, जिला वऱ्हाडांत मोगर म्हणतात, ती 100 ग्रॅम घेऊन दोन तास भिजवावी. मग पाणी पूर्ण निथळून ती फडक्यावर पसरावी आणि पाणी न घालतां जाडसर वाटावी. कढल्यांत तीन चमचे तेलावर बडीशेप, धने व जिरें यांची भरड आणि हिंग टाकून, दोन चमचे बेसन परतून, त्यांत ही डाळ घालावी व दहा-बारा मिनिटें मंद आंचेवर परतावी. तिखट, सुंठ, आमचूर व मीठ शेवटीं घालावें. सारण झालें कीं नाहीं, याची खूण अशी कीं, मुठींत दाबलें असतां त्याची गोळी व्हावी, पण तळहातास ओल लागूं नये. या खुणेकडे आम्ही विशेष लक्ष वेधतों. सारण ओलें असेल, तर पुढें कितीही मंद आंच ठेविली तरी वाफ अनावर होते. आणि गरम सारण भरलें, तर तूप पातळ होऊन पारीच सैल पडते. म्हणून तें पूर्ण निवूं द्यावें.

पिठाचे 12 गोळे करून प्रत्येकाची पारी बोटांनीं दाबून करावी. मध्यें जाड व कडेला पातळ. सुपारीहून किंचित मोठी सारणाची गोळी मध्यें ठेवून कडा वर गोळा कराव्या, आंतील हवा दाबून काढावी, आणि वर उरलेलें जास्तीचें पीठ चिमटून तोडावें. जोड खालीं करून पांच-सात मिनिटें ठेवल्यावर तळहातानें हलकेंच दाबून तीन बोटें रुंद अशी चपटी कचोरी करावी. लाटणें फिरविल्यास सारण एका अंगास सरकतें व पारी दुसऱ्या अंगास पातळ होते. आम्हांस तें पसंत नाहीं. कांहीं जण फुटूं नये म्हणून सुईनें भोंक पाडतात. त्यानें वाफेस वाट मिळते हें खरें, पण तेलासही आंत जावयास तीच वाट होते.

आतां तळण. एक लिटर तेल रुंद कढईंत वरील खुणेपर्यंत तापवून सहा कचोऱ्या एकेक करून कडेनें सोडाव्या. तेल एकदम थोडें निवेल, परंतु म्हणून आंच वाढवूं नये. पहिलीं सहा-सात मिनिटें झारा लावूंच नये. कचोऱ्या प्रथम तळाशीं बसतात आणि मग एकामागून एक वर येतात. वर आल्यावर झाऱ्यानें त्यांच्या पाठीवर तेल उडवावें, म्हणजे वरची बाजूही फुगते. पुरीप्रमाणें झाऱ्यानें दाबूं नये, कारण या वेळीं पारी अगदीं नाजूक असते. सर्व फुगल्या कीं उलटाव्या आणि आंच किंचित वाढवून तेल 140 ते 150 अंशांपर्यंत येऊं द्यावें. एका घाण्यास एकंदर अठरा ते वीस मिनिटें लागतात. घाईच्या दिवशीं हा वेळ फार वाटतो, पण त्यांतील एकही मिनिट वायां जात नाहीं. बुडबुडे जवळजवळ थांबले, रंग बदामी झाला, आणि झाऱ्यानें हलकेंच टिचकी मारतां पोकळ आवाज आला, म्हणजे पारींतील पाणी गेलें असें जाणावें.

हा फरक पाहण्यासाठीं आम्हीं मुद्दाम एकाच पिठाचे व एकाच सारणाचे दोन घाणे निराळ्या आंचेवर काढले. मंद आंचेच्या सहा कचोऱ्यांपैकीं एकही फुटली नाहीं. पुरीच्या तेलांत सोडलेल्या सहांपैकीं दोन फुटल्या. राहिलेल्या चार पांच मिनिटांतच लाल झाल्या व त्यांवर फोड आले. त्यांतील एक मोडून पाहिली, तर पारीची आंतील बाजू पांढरी व कच्ची होती. दुसऱ्या दिवशीं मंद आंचेची कचोरी मोडतांना आवाज झाला, दुसरी वाकली.

पुष्कळ घरीं पहिला घाणा उत्तम निघतो आणि दुसरा बिघडतो. याचें कारण उघड आहे. पहिला घाणा काढतांना तेल 150 अंशांवर आलेलें असतें आणि त्यांतच पुढच्या कच्च्या कचोऱ्या पडतात. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर कढई उतरून ठेवावी, तळचे कण गाळून काढावे, आणि पिठाची गोळी पुन्हां टाकून पाहावी. चुलीवर लांकडाचा जाळ असेल, तर जाळ ओढून निखाऱ्यांवर तळणें सोईचें. जाळ एकसारखा ठेवणें कठीण, निखारे तसे नसतात. दोन कढया असल्यास एक निवत असतां दुसरींत घाणा चालवितां येतो.

काढलेल्या कचोऱ्या चाळणींत उभ्या ठेवाव्या व निवेपर्यंत झांकूं नयेत. झांकल्यास त्यांचीच वाफ त्यांस मऊ करते. पूर्ण निवल्यावर घट्ट झांकणाच्या डब्यांत कोरड्या हवेंत त्या चार दिवस चांगल्या राहतात, पावसाळ्यांत त्याहून कमी. मऊ पडल्याच, तर पुन्हां तेलांत सोडूं नयेत. जाड तव्यावर झांकण न ठेवतां मंद आंचेवर उलटसुलट करून गरम कराव्या.